कमिशनचं बोलणं

“नेहमी कामं पाठवणाऱ्या माणसासमोर कमिशनचा विषय काढलात, तर संबंध बिघडले नाहीत का? आणि टक्के किती ठरवलेत?”

बिघडले, थोडेसे. पण विषय काढल्यामुळे नाही. आणि टक्क्यांचं म्हणाल तर त्यावर आमचा वाद झालाच नाही. मी वेबसाइटची कामं करतो, ते डिझायनर; त्यांच्याकडचे ग्राहक माझ्याकडे येत. “यापुढे प्रत्येक कामामागे दहा टक्के तुमचे,” असं मी म्हटलं आणि ते लगेच “चालेल” म्हणाले. दहा टक्के कशाचे, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

मग एक काम अर्ध्यात थांबलं. बिल 100 धरा. त्यातले 30 होस्टिंगचे आणि लायसन्सचे, म्हणजे माझ्या हातून पुढे जाणारे. ग्राहकाने 50 आगाऊ दिले आणि नंतर बेतच गुंडाळला. तोवर ते 30 मी भरून बसलो होतो. डिझायनरांनी 10 मागितले. माझ्या हिशेबाने हाती उरले 20, म्हणून त्यांचे 2.

“तुमचा खर्च मी का बघू? गिऱ्हाईक आणून दिलं, माझं काम तिथेच संपलं,” ते म्हणाले. मला राग आला. न मिळालेल्या पैशांवर कमिशन कुठून द्यायचं? पण खर्चाबद्दल त्यांचं म्हणणं आजही मला पूर्ण खोडता येत नाही. लायसन्स आधी भरायची घाई माझी होती, त्यांची नव्हे. शेवटी जमा झालेल्या 50 वर 5 दिले. त्यानंतर बराच काळ त्यांच्याकडून कोणी आलं नाही.

आता एखादं काम नीट पार पडून पैसे जमा झाले की मगच मी विषय काढतो, आणि त्याच दिवशी मेल लिहितो. त्यात असं असतं: कमिशन द्यायचं ते कर आणि बाहेरचे खर्च वगळून, फक्त माझ्या मेहनतान्यावर. ग्राहकाचा हप्ता जमा होईल तसं. त्याच ग्राहकाचं पुढचं काम पहिल्यापासून 12 महिन्यांत आलं तर तेही धरायचं. त्यांनी पाठवलेला ग्राहक आधीपासूनच माझ्याशी बोलत असेल, तर नाव आलं त्याच दिवशी मी तसं कळवायचं. महिन्याभराने सांगितलं तर खरं असूनही खोटं वाटतं. आणि कमिशन आहे हे ग्राहकाला माहीत हवं. समोरच्याच्या व्यवसायाच्या नियमांत अशी फी बसत नसेल, तर विषय तिथेच सोडतो.

ठरावीक रक्कम सोपी नाही का, असं तुम्ही विचाराल. सोपी आहे, पण छोट्या कामात ती मला जड जाते आणि मोठ्या कामात त्यांना क्षुल्लक वाटते. टक्के ठेवले तर माझी बिलं त्यांना दाखवावी लागतात, आणि तेही मला अजून आवडत नाही.