मुरून, नंतर

11 एप्रिल, रात्री साडेनऊ

आज जोतिबांची जयंती. मंडळाचा कार्यक्रम जेमतेम वीस मिनिटं चालला. सकाळी सात वाजता समाजमंदिरात फोटोला हार घातला, सावित्रीमाईंचाही फोटो शेजारी ठेवला, आणि भाषणं न करता एकच उतारा वाचायचा ठरलं होतं तो मी वाचला. ‘शेतकऱ्याचा असूड’, 1883 सालचं पुस्तक, त्यातलं पाचवं प्रकरण. या प्रकरणात जोतिबा दुःख सांगून थांबत नाहीत, उपाय सांगायला बसतात. त्यातला पाण्याचा उपाय आम्ही निवडला होता. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या जादा शिपायांना कामाला लावून सरकारनं जागोजागी तालीवजा बंधारे बांधावेत, ते असे की वळवाचं पाणी शेतांत मुरावं आणि नंतर नदी-नाल्याला मिळावं. एवढंच.

वाचताना माझा आवाज थोडा कापला. आमच्या लातूरला 11 एप्रिल या तारखेला आणखी एक आठवण चिकटलेली आहे. 2016 साली याच दिवशी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरकडे निघाली होती. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोचली. मी तेव्हा शाळेत होते, शहरात मावशीकडे राहायचे. टँकर आला की घागरींच्या रांगेत मावशी माझ्या हातात चपला द्यायची, म्हणजे धावताना निसटायच्या नाहीत. त्या दिवशी जयंती होती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ज्या माणसानं पाणी शेतात मुरवा म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, त्याच्या जन्मदिवशी आम्ही पाणी रुळांवरून मागवत होतो.

उतारा वाचून झाल्यावर आम्ही सगळे चालत पाझर तलावावर गेलो. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर झालेला तलाव. माझी आजी तिथं मातीच्या पाट्या वाहायला होती. तलाव दिसायला चांगला आहे. पावसाळ्यात भरतो, संक्रांतीपर्यंत पाणी दिसतं, पोरं पोहतात. पण भरावाच्या खालच्या अंगाला ज्या चार-पाच विहिरी आहेत, त्या दिवाळीनंतर तळ दाखवायला लागतात. वर पाणी उभं आणि खाली विहीर कोरडी. पाझर तलाव बिघडल्याची सगळ्यात सरळ खूण हीच आहे आणि आम्ही ती वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघून ‘तलावात पाणी आहे की’ असं म्हणत आलो. साठलेलं पाणी उन्हानं उडून जातं. आजूबाजूच्या खडकात ते उतरतच नाही, कारण तळाशी गाळाचं बूच बसलंय.

हे नुसतं म्हणण्यापेक्षा करून बघू, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. तलाव आता कोरडा ठाक आहे, तळाला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. दोन खड्डे घेतले, दोन्ही फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. एक मधोमध गाळात. दुसरा कडेला, जिथं कुणीतरी घराच्या भरावासाठी गाळ उचलून नेला होता आणि खालचा तांबूस मुरूम उघडा पडला होता. पहिल्या खेपेला आम्ही फसलोच होतो. गाळातल्या खड्ड्यात घागर ओतली तर पाणी बघता बघता गडप. मंडळातला सगळ्यात धाकटा टाळ्या वाजवायला लागला, मुरतंय, मुरतंय! आप्पांनी (आमच्या गावात विहिरी खोदण्यात त्यांचं आयुष्य गेलं) सांगितलं, ‘ते मुरणं नव्हं बाबा, भेगंत गेलं पाणी. भेग भरू द्या, माती फुगू द्या, मग बघा.’ खरंच होतं. काळी माती सुकली की चिरते आणि भिजली की फुगून पुन्हा मिटते. म्हणून काल संध्याकाळी दोन्ही खड्डे दोन-दोनदा भरून ठेवले, आणि आजची मोजणी भिजलेल्या खड्ड्यांवर केली.

आज दोन्हींत दोन-दोन घागरी ओतल्या, मधे एकेक काडी रोवली, काडीवर चुन्यानं खुणा. मुरमातला खड्डा पाऊण तासात रिकामा झाला. शेवटचा गढूळ घोट खाली जाताना तळाशी बुडबुडे आले ते मी गुडघ्यावर बसून बघितलं. गाळातल्या खड्ड्यात तेवढ्या वेळात पाणी बोटभर उतरलं. दुपारी जेवून परत गेलो तरी त्यात आभाळ दिसत होतं.

कुणी फार बोललं नाही. आप्पा तेवढं म्हणाले, ‘पन्नास वर्सांचं शेत बसलंय की खाली.’

त्यांचं ते बोलणं मला दिवसभर सोडत नाहीये. गाळ म्हणजे काय, तर वरच्या माळावरची माती. जोतिबांनी त्याच प्रकरणात नदी-नाल्यांतला नि तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा असंही लिहिलंय. रानातला पालापाचोळा, कुजलेलं सगळं, पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येतं नि जमिनीला कस देतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुण्याजवळ मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती, बांधकामाची कंत्राटंही ते घेत. पाणी उतारावरून जाताना मातीचं काय करतं हे त्यांनी बघितलेलं असणार.

मग गाळ काढायचाच का? काढायचा, पण हिशोब करून. आजीच्या वाट्याचा वीस गुंठ्यांचा बरड माळ आहे, करडईसुद्धा गुडघ्यावर जात नाही. त्यावर तीन इंच गाळ पसरायचा म्हटलं तर गुंठ्याला पावणेतीन ब्रासच्या आसपास लागतो, म्हणजे वीस गुंठ्यांना चोपन्न ब्रास. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरला तर चोपन्न खेपा. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून आहे, त्यातून काही मदत होते का ते ग्रामपंचायतीत विचारायचंय. शिवाय सगळा गाळ सगळीकडे चालत नाही. मुठीत ओला गाळ वळून बघायचा, चिकट लांब वळी झाली तर तो मुरमाड माळाला चांगला. जी जमीन आधीच भारी काळी आहे तिच्यावर तोच गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडेल. सुकल्यावर वर पांढरं फूल आलं तर खार आहे, तो शेतात न्यायचाच नाही. आणि खोदताना गाळ संपला की थांबायचं. भरावाच्या पायथ्याशी तर मशीन जाऊच द्यायचं नाही, नाहीतर भरावच खचायचा.

पण हे सगळं बोलून झाल्यावर खरा प्रश्न निघाला. गाळ काढला तर चार पावसाळ्यांत परत भरणार. वरच्या उताराच्या शेतांचे बांध फुटलेत, तिथून माती येतच राहणार. जोतिबांनी तलावाच्या आधी ताली का सांगितल्या ते मला आज त्या खड्ड्याशी बसून कळलं. ताल म्हणजे उताराला आडवी घातलेली माती-दगडाची बुटकी भिंत. पाणी तिथं रेंगाळतं, माती खाली बसवतं आणि मग पुढं जातं.

आम्ही वरच्या तीन शेतांच्या मालकांना बोलावलं होतं. दोघे तयार झाले. तिसरे दाजी, त्यांची जमीन काळी, त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. ‘मागं एकदा कामातून बांध घातला. पाणी आठ दिवस उभं राहिलं. सोयाबीन पिवळं पडलं, तूर तर जागेवर जळून गेली. शेवटी मीच बांध फोडला बघा.’ बांध घालणाऱ्यांनी सांडवा ठेवलाच नव्हता. आणि फोडला तिथूनच आता घळ पडलीय, कमरेएवढी. सगळ्या माळाचं पाणी त्या एका भोकातून धावतं.

मी पुस्तक काढून तीच ओळ त्यांना पुन्हा वाचून दाखवली. आधी मुरावं, नंतर नदी-नाल्याला मिळावं. ‘नंतर’ शब्दावर बोट ठेवलं. जोतिबांनी पाणी कोंडून ठेवा असं म्हटलेलं नाही. मुरायला वेळ द्या आणि उरलेल्याला वाट द्या, असं म्हटलंय. दाजींनी पुस्तक हातात घेतलं, ओळ स्वतः हळूहळू वाचली. म्हणाले, ‘मग वाट कुठं देणार ते आधी दाखवा.’

म्हणून दुपारनंतरचा सगळा वेळ दाजींच्या शेतात गेला. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणली, पारदर्शक, पन्नास फुटांची. दोन टोकांना दोघं उभे राहिले, नळीतलं पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीवर आलं की तिथं खुंटी. अशी समपातळीची रेघ शेतात वाकडीतिकडी गेली, धुऱ्याच्या सरळ रेषेत नाही, आणि ते दाजींना आधी पटेना. पूर्वीचा बांध धुऱ्याच्या सरळ रेषेत घातला होता, म्हणून पाणी सखल टोकाला गोळा झालं आणि तिथंच फुटलं, हे खुंट्या बघून त्यांनाच दिसलं. काळ्या जमिनीत ताल बुटकीच ठेवायची, गुडघ्याच्या खाली. सांडवा कडेला, दगड पिचिंग करून, तालीच्या माथ्यापेक्षा टीचभर खाली, म्हणजे जादा पाणी दगडावरून शांतपणे पुढच्या शेतात उतरेल. सांडव्याची जागा दाजींनी स्वतः पायानं रेघ ओढून दाखवली. जुन्या घळीपासून पंधरा पावलांवर, जिथं खाली खडक लागतो.

घळीत आधी दगड भरायचे आहेत. दगड आप्पांच्या जुन्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून मिळतील.

संध्याकाळी पश्चिमेला ढग आले होते, वाराही सुटला. एखादा वळीव लवकर आला तर खुंट्या वाहून जातील म्हणून रेघेवर चुना टाकून त्याच्यावर दगड ठेवून आलोय. हार समाजमंदिरातच राहिला, उद्या काढायचा. पहाटे साडेपाचला दाजींच्या शेतात जमायचंय, खोरी आणि घमेली ज्यानं त्यानं आणायची. दाजींचा आत्ताच फोन येऊन गेला, चहा त्यांच्याकडं आहे.