कुठल्या पानावर?

एका दुपारी स्वतःच लिहिलेलं परीक्षण वाचताना मला हसू आलं. पुस्तक विनोदी नव्हतं, चांगलं जाडजूड चरित्र होतं. हसू आलं ते माझ्याच एका वाक्याला: ‘लेखकमहाशयांनी सनावळ्या बहुधा झोपेत लिहिल्या असाव्यात.’ वाक्य झकास जमलं होतं. तिथेच मी जरा ओशाळलो.

शाळेत निबंधाच्या वहीवर एकदा लाल शाईत शेरा मिळाला होता, ‘मुंगळा शाईत बुडवून सोडला होता काय?’ तो वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवण्यात आला. सगळे हसले. मीही हसलो, कारण शेरा खरोखरच चांगला होता. अजून तोंडपाठ आहे. पण काने तिरके जात होते, की दोन शब्द एकमेकांना चिकटत होते, हे काही त्यातून कळलं नाही. अक्षर अजून तसंच आहे.

तर पेन्सिल घेऊन बसलो. टोचणाऱ्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या पानावर? झोपेतल्या सनावळ्यांना उत्तर होतं. चरित्रनायकाचं जन्मवर्ष पान १४ वर १९०८ आणि पान ६१ वर १९१८. तो नोकरीला लागला १९३२ मध्ये. म्हणजे पहिलं साल धरलं तर चोवीसाव्या वर्षी, दुसरं धरलं तर चौदाव्या. मी एवढंच लिहिलं, महाशयांना रजा दिली, आणि वाचून बघितलं तर टीका आधीपेक्षा जड झाली होती! झोपेवर वाचक हसून पुढे गेला असता. चौदा वर्षांच्या नोकरदारापाशी तो थांबणारच.

‘यांनी कष्टच घेतलेले नाहीत’ हे वाक्य मात्र प्रश्नाला टिकेना. माणसानं दहा वर्षं खपूनही सालं चुकवलेली असू शकतात. कष्ट मला दिसले नव्हते. दिसलं होतं ते एवढंच, की पुराचा प्रसंग तिसऱ्या प्रकरणात आहे आणि जवळजवळ त्याच शब्दांत सातव्यातही आहे. तेवढं ठेवलं.

‘वाचताना घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं’ या वाक्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. घड्याळ बंद पडलं होतं ते पाचव्या प्रकरणात, सत्कारांच्या बावीस पानांत. त्यापुढचं प्रकरण, भावाभावांतल्या अबोल्याचं, मी पहिल्यांदा एका बैठकीत वाचलं होतं आणि परीक्षणात त्याचा उल्लेखही नव्हता. रागाच्या भरात विसरलो म्हणायचं. खरं तर ते आठवलं असतं तर घड्याळाचं वाक्य गेलं असतं.

आपल्या भाषेत बोचकारे काढायला विशेषणंसुद्धा लागत नाहीत. ‘म्हणे’ पुरतं. ‘चक्क’ पुरतं. ‘लेखकाने संशोधन केले आहे’ आणि ‘लेखकाने म्हणे संशोधन केले आहे’ यांत एका शब्दात माणूस खोटारडा ठरतो, आणि आपण काही बोललोच नाही असं म्हणायला मोकळे. अवतरणचिन्हंही तसलीच. मी ‘संशोधन’ दोन ठिकाणी त्या चिन्हांत अडकवलं होतं, ते सोडवलं. आदरार्थी शब्दांचा तर आपण काठीसारखा वापर करतो. महाशय, विद्वान, थोर. साधं ‘लेखक’ लिहिलं की राग अर्ध्यावर येतो.

मग व्हायचं तेच झालं. हात मऊ झाला तो झालाच. ‘सनावळ्यांकडे थोडे अधिक लक्ष देता आले असते’ असं एक वाक्य कुठून तरी येऊन बसलं. सभ्य दिसत होतं, पण खोटं होतं. ‘थोडे’ वाचून कुणालाही वाटेल की छपाईत एखादा आकडा हलला असेल. प्रत्यक्षात त्या जन्मवर्षामुळे पुढची दोन प्रकरणं कोलमडतात. ‘काहीसे’, ‘कदाचित’, ‘किंचित’ अशी आणखी चार सापडली. सगळी काढली. ‘चरित्र म्हणून या पुस्तकावर विसंबता येत नाही’ हा निकाल मात्र पहिल्या खर्ड्यात होता तसाच राहिला, फक्त शेवटी होता तो जन्मवर्षाच्या परिच्छेदालगत आणून ठेवला. निकालाचं कारण शेजारी असलं की तो चिडका वाटत नाही.

नऊशे शब्दांचे सहाशे झाले. मधले तीनशे माझ्याबद्दल होते बहुतेक.

झोपेचं वाक्य फेकवेना, एका जुन्या डायरीत उतरवून ठेवलंय. परीक्षण पाठवलं, छापूनही आलं. काल चाळताना दुसऱ्याच परिच्छेदात एक ‘म्हणे’ दिसला. कसा राहिला कोण जाणे.