निवडून आलेला विश्वस्त कोणाचा?

‘आम्ही तुम्हाला पेन्शन ट्रस्टवर निवडून दिलं, म्हणजे तुम्ही तिथे आमची बाजू मांडता ना? आणि बैठकीत तुम्ही नक्की विचारता तरी काय?’

ब्रिटनमधील आमच्या कंपनीतले सहकारी मला हे नेहमी विचारतात, आणि पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. 2004 च्या पेन्शन कायद्यानुसार पेन्शनचा निधी सांभाळणाऱ्या विश्वस्तांपैकी किमान एक तृतीयांश सभासदांमधून आलेले असावे लागतात. मात्र एकदा नेमणूक झाली की त्यांचे कर्तव्य आणि कंपनीने नेमलेल्या विश्वस्तांचे कर्तव्य यांत काहीही फरक उरत नाही. मला मत देणारे कर्मचारी, निवृत्त झालेले, नोकरी सोडून गेलेले पण ज्यांचे पेन्शन अद्याप सुरू व्हायचे आहे असे जुने सहकारी आणि मृत सभासदांचे वारस या सर्वांचे हित मला पाहावे लागते.

या तत्त्वाची मोठी कसोटी ब्रिटनच्या खाणकामगारांच्या पेन्शन निधीत लागली. तिथे दहा विश्वस्तांपैकी पाच जण कामगार संघटनेचे होते. परदेशात आणि कोळशाशी स्पर्धा करणाऱ्या ऊर्जा उद्योगांत पैसे गुंतवू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. 1984 साली न्यायालयाने तो फेटाळला, कारण संघटनेचे धोरण कितीही प्रामाणिक असले तरी विश्वस्ताने लाभधारकांचे, आणि अशा निधीत मुख्यतः आर्थिक, हित पाहायचे असते. हा निर्णय कामगारांच्या विरोधात होता असे मला वाटत नाही, कारण उद्या कंपनीच्या सोयीसाठी कोणी निधी वापरू पाहील, तेव्हा हेच तत्त्व आपल्या बाजूने उभे राहते.

माझे बहुतेक प्रश्न दर तीन वर्षांनी होणाऱ्या मूल्यांकनाभोवती असतात. आमची योजना जुन्या पद्धतीची, म्हणजे पगार आणि सेवेची वर्षे यांवरून पेन्शन ठरवून देणारी आहे. पुढची अनेक दशके द्यावयाच्या पेन्शनची आजची किंमत ॲक्चुअरी, म्हणजे असे दीर्घकालीन हिशेब मांडणारे तज्ज्ञ, काढतात आणि ती निधीतील मालमत्तेशी ताडून पाहतात. समजा देणी 10 कोटी पौंडांची आहेत, मालमत्ता 8.8 कोटींची आहे, म्हणजे तूट 1.2 कोटींची आहे. बैठकीत कंपनीचे सल्लागार सुचवतात की गुंतवणुकीवर अर्धा टक्का अधिक परतावा गृहीत धरावा. परतावा जास्त धरला की तेच पेन्शन देण्यासाठी आज कमी पैसे पुरतील असा हिशेब होतो; देणी सरासरी सोळा वर्षे दूरची असतील, तर एवढ्या बदलाने त्यांची किंमत सुमारे आठ टक्के घटते. ती 9.2 कोटींवर येते आणि तूट 40 लाखांची उरते. निधीत एक पौंडही आलेला नसतो, आणि कोणाचे पेन्शनही कमी झालेले नसते.

अशा वेळी मी विचारतो की हा अर्धा टक्का नेमक्या कोणत्या गुंतवणुकीतून येणार आहे, आणि तो आला नाही तर उरलेले 80 लाख कोण भरणार आहे. उत्तर ‘कंपनी’ असे असेल, तर पुढचा प्रश्न कंपनीच्या कुवतीचा असतो. ती दरवर्षी भागधारकांना किती लाभांश देते आणि तूट भरून काढण्यासाठी निधीत किती घालते? लाभांश 40 लाख आणि निधीला 10 लाख असतील, तर तूट भरायला बारा वर्षे का लागावीत, याचे कारण मला ऐकायचे असते. बँकेकडे कोणती मालमत्ता तारण आहे, हेही विचारावे लागते, कारण कंपनी बुडाल्यास पेन्शन निधी सामान्यतः विनातारण धनको ठरतो आणि तारण असलेली बँक त्याच्या पुढे उभी असते. मग बुडालेल्या कंपन्यांच्या योजनांतील सभासदांना भरपाई देणारा पेन्शन संरक्षण निधी मदतीला येतो, परंतु निवृत्तीच्या वयाला न पोहोचलेल्यांना तो साधारणपणे 90 टक्क्यांच्या पातळीवरच भरपाई देतो.

आणखी एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो: हा सल्ला कोणी दिला आणि कोणासाठी? योजनेच्या ॲक्चुअरींची नेमणूक विश्वस्त करतात, कंपनीचे सल्लागार मात्र कंपनीला उत्तरदायी असतात, आणि कागद सारखेच दिसत असल्यामुळे हा फरक बैठकीत सहज पुसला जातो. उत्तर पटले नाही तर मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात नोंदवायला लावतो, म्हणजे तीन वर्षांनी गृहीतक आणि प्रत्यक्ष परतावा समोरासमोर ठेवता येतात.

यातले बरेचसे मला सहकाऱ्यांना सांगता येत नाही. कंपनीच्या विक्रीची किंवा नोकरकपातीची माहिती विश्वस्त म्हणून कळली, तर ती गोपनीय राहते, मग शेजारच्या टेबलावरचा मित्र त्यात सापडत असला तरीही. सभासदांना दरवर्षी निधीच्या स्थितीचे विवरण मात्र मिळते. ते टाकून देऊ नका. त्यातील तुटीचा आकडा, तो गतवर्षीपेक्षा का बदलला याचे कारण आणि योजना आज बंद झाली तर पैसे पुरतील का, हे तीन मुद्दे वाचा, आणि शंका असल्यास विश्वस्त मंडळाला लेखी विचारा. असे पत्र हाती असले की बैठकीत तो प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायला लावणे मला सोपे जाते.