दोन खोल्या, एक गाणं

घरभर एकच गाणं वाजवायचं असेल, तर त्याची परीक्षा दोन खोल्यांच्या मधल्या दारात घ्यावी. बैठकीत बसलं की तिथलाच स्पीकर कानात भरतो, स्वयंपाकघरात गेलं की तिथला. दारात मात्र दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि काही बिनसलं असेल तर गायिका स्वतःच्याच मागे धावताना सापडते.

दोन्हीकडे एकाच क्षणी गाणं सुरू केलं की झालं, असं वाटतं. सुरुवात जुळतेही. पण प्रत्येक यंत्राचं आतलं घड्याळ वेगळ्या स्फटिकावर चालतं, आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. वेगातला फरक दहा लाखांत 50 इतका किरकोळ धरला, तरी मिनिटाला 3 मिलिसेकंद साचतात. एका गाण्यात ते कोणाला कळतही नाही. तासाभरात मात्र 180 होतात आणि तबल्याचा प्रत्येक ठोका दोनदा पडू लागतो.

स्नॅपकास्ट या मोफत सॉफ्टवेअरची यावरची युक्ती मला फार आवडते. सर्व्हर संगीताचे तुकडे करतो आणि प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारून पाठवतो. खोल्यांमधली यंत्रं त्याच्याशी घड्याळ जुळवत राहतात. एखादं मागे पडलं तर ते आवाजाचा एखादा नमुना गाळतं, पुढे गेलं तर एखादा दोनदा वाजवतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला 44,100 नमुने असतात. आपल्या उदाहरणात त्यातले दोनेक इकडेतिकडे केले की भागतं. कानाला पत्ताही लागत नाही. वायफाय अडखळलं तरी गाणं तुटू नये म्हणून सुमारे एक सेकंदाचा साठा हाताशी ठेवलेला असतो, त्यामुळे सिनेमा पाहायला मात्र ही व्यवस्था कामाची नाही. ओठ आधी हलतात, संवाद नंतर येतो.

इतकं करूनही दारात दुहेरी आवाज येतोच कधीकधी. अशा वेळी गाणं बंद करून मेट्रोनोमची टिकटिक लावावी. दोन टिकांमधलं अंतर वाढत गेलं तर दोष घड्याळाचा. ते कायम तेवढंच राहिलं, तर एखादा अँप्लिफायर आवाजावर प्रक्रिया करण्यात वेळ खातोय. तो 60 मिलिसेकंद खात असेल, तर स्नॅपकास्टमध्ये त्या खोलीच्या लेटन्सीत, म्हणजे उशिराच्या रकान्यात, 60 भरायचे. मग तिथला आवाज तेवढा आधी सोडला जातो. आकडा पाच-पाचने बदलत दोन टिकांची एक होईपर्यंत ऐकावं. मात्र उभं राहायचं दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर, कारण हवेतून यायला आवाजाला दर मीटरला 3 मिलिसेकंद लागतातच.

ब्लूटूथ स्पीकरवर ही मेहनत सहसा वाया जाते. त्याचा उशीर मोठा असतोच, शिवाय नव्याने जोडला की बदलतो. कालचा आकडा आज लागू पडेलच असं नाही. त्यापेक्षा जुना स्पीकर आणि लांब वायर बरी.