सतरा उद्योगांतून एक निवडताना: श्रम, खर्च आणि हुरूप यांचा तक्ता

घरातून सुरू करता येतील अशा उद्योगांची माझी यादी सतरावर गेली होती. गुण देण्याआधी त्यातले पाच खोडले, कारण जागा, पाणी किंवा परवाना यांपैकी एक गोष्ट मुळातच नव्हती. असे उद्योग तक्त्यात ठेवू नयेत. हुरुपाचे गुण भरपूर मिळाले की ते उगाच वर येतात.

उरलेल्या बारांना तीन रकाने केले आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण ठेवले. आकड्यांचा अर्थ आधीच लिहून ठेवला, नाहीतर सकाळचा 3 आणि रात्रीचा 3 वेगळे निघतात. श्रम म्हणजे आठवड्याचे तास: पाचपर्यंत 1, दहापर्यंत 2, पंधरापर्यंत 3, पंचवीसपर्यंत 4, त्यापुढे 5. खर्च म्हणजे पहिल्या विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत खिशातून जाणारी सगळी रक्कम: 5 हजारांपर्यंत 1, 15 हजारांपर्यंत 2, 40 हजारांपर्यंत 3, लाखापर्यंत 4, पुढे 5. नुसती यंत्राची किंमत धरली तर कच्चा माल आणि दुकानदाराकडे अडकलेली उधारी सुटून जाते. हुरुपासाठी एकच प्रश्न ठेवला: हेच काम शंभराव्यांदा करायला बसेन का?

गुण उभे भरायचे, म्हणजे आधी बाराही उद्योगांचे श्रम, मग खर्च, मग हुरूप. आडवे भरत गेलं की आवडत्या उद्योगाचे श्रमही नकळत कमी लिहिले जातात. माझ्या पहिल्या फेरीत हेच झालं आणि ती फेरी रद्द करावी लागली.

दुसरी चूक बेरजेत होती. लाकडी घाण्याचे गुण श्रम 3, खर्च 5, हुरूप 5, बेरीज 13, म्हणून तो पहिला आला. पण श्रम आणि खर्चात मोठा आकडा वाईट असतो. ते दोन्ही 6 मधून वजा करून उलटवल्यावर घाणा 9 वर आला आणि धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, (3, 2, 4) 11 वर गेली. खाली मात्र कोंडी झाली: ज्वारीच्या भाकऱ्या (5, 1, 4), गांडूळखत (2, 2, 2) आणि कापडी पिशव्या (3, 2, 3), तिघांचेही 10.

ही कोंडी गुणाकाराने सुटते. स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत मथळे, `B` मध्ये श्रम, `C` मध्ये खर्च, `D` मध्ये हुरूप:

```
=(6-B2)*(6-C2)*D2
```

आता अळिंबी 48, पिशव्या 36, गांडूळखत 32, भाकऱ्या 20, घाणा 15. बेरजेत एका रकान्याची कमतरता दुसरा भरून काढतो, गुणाकारात तसं सहज होत नाही. भाकऱ्यांना भांडवल जवळजवळ लागत नाही, पण रोज साठ भाकऱ्या म्हणजे भाजायलाच तीन तास. मळणं, बांधणं, पोचवणं धरून पाच तास, आणि आठवड्याचे सहा दिवस. ती अडचण स्वस्ताईने भरून निघत नाही, म्हणून मला गुणाकारच पटतो.

मग पहिल्या क्रमांकाला धक्का देऊन पाहिला. अळिंबीचा हुरूप एका गुणाने कमी केला तर 36, म्हणजे पिशव्यांशी बरोबरी. आघाडी एवढी कच्ची होती. शिवाय मे महिना धरून बघितलं. धिंगरीला साधारण 20 ते 28 अंश तापमान आणि 80 टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते. उन्हाळ्यात दिवसातून अनेकदा पाणी फवारावं लागतं, ओली पोती बांधावी लागतात. श्रम 5 धरले की गुण 16 वर घसरतात. म्हणून तक्त्यात ‘अळिंबी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी’ असं लिहिलं आणि उन्हाळ्याची वेगळी ओळ केली. हंगामी उद्योगाला बारा महिन्यांचा एकच आकडा देऊ नये.

शेवटी श्रमाचा अंदाज मोजून तपासला. अळिंबीच्या दहा पिशव्यांची एक खेप लावली आणि रोजचे तास वहीत लिहिले. पेंढा कापणं, रात्रभर भिजवणं, गरम पाण्यातून काढणं, निथळवणं आणि थर देऊन बियाणं भरणं, यात पहिल्या आठवड्यात 11 तास गेले. नंतर फवारणी आणि देखरेखीला आठवड्याला 4. महिन्याची सरासरी सहाच्या आत येते, म्हणजे श्रम 2 दिसतात, पण ती सरासरी फसवी आहे. विक्री सलग ठेवायची तर दर आठवड्याला नवी खेप भरावी लागते. आधीच्या खेपांची फवारणी आणि देखरेख एकत्रच धरली तर 11 अधिक 4, पंधरा तास, श्रम 3. गुण 48 वरच राहिले आणि हिवाळ्यासाठी अळिंबी पक्की केली. त्या पंधरा तासांतला सर्वांत मोठा वाटा पेंढा कापण्याचा आहे, म्हणून पुढचा खर्च कडबा-कुट्टी यंत्रावर.