तुम्ही विचारलंत म्हणून: स्वागताच्या भाषणातला ‘आम्ही’

“दोन विभाग एकत्र केले तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही नेमकं काय बोललात? आणि काय बोलायचं टाळलंत?”

माझ्या भाषणाचा पहिला मसुदा मी अजून जपून ठेवला आहे. त्याची सुरुवात अशी होती : “खरेदी विभागाच्या वतीने आम्ही भांडार विभागातील सर्व सहकाऱ्यांचे मनःपूर्वक स्वागत करतो.” मी स्वतः खरेदी विभागाची प्रमुख होते, माझ्याकडे चौदा माणसे होती, भांडारातून नऊ येणार होती आणि एकत्रित विभागाची सूत्रे माझ्याकडेच राहणार होती. त्यामुळे हे वाक्य मला अगदी साधे व सौजन्याचे वाटले होते. भाषणाच्या दोन दिवस आधी मी तो कागद भांडारप्रमुखांना दाखवला. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, स्वागत पाहुण्यांचं करतात ना? मग आम्ही पाहुणे आणि तुम्ही घरचे, असंच ठरलंय का?”

त्यानंतर मी लाल पेन घेऊन बसले आणि मसुद्यातला प्रत्येक ‘आम्ही’ अधोरेखित केला. असे नऊ ‘आम्ही’ निघाले आणि त्यांतल्या एकातही भांडारातला माणूस नव्हता. आपल्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’ असा भेद आहे. बोलणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही, पण ज्याला वगळले त्याच्या पहिल्याच वाक्यात ध्यानात येतो. मी सगळीकडे ‘आपण’ घातले तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. “गेल्या वर्षी आपण पुरवठादारांशी नवे दरकरार केले” हे वाक्य भांडारातल्या माणसाने ऐकले असते तर त्याला ते खोटेच वाटले असते, कारण त्या करारांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असते. “सोमवारपासून आपण नोंदी नव्या नमुन्यात करायच्या आहेत” असे विभागप्रमुख म्हणाली, तर ती स्वतःला धरून बोलते आहे की समोरच्याला आदराने हुकूम सोडते आहे, हे ऐकणाऱ्याने ज्याचे त्याने ठरवायचे.

शेवटी मी स्वतःपुरता एक नियम केला. झालेल्या कामाचा उल्लेख त्या त्या विभागाच्या नावाने करायचा, म्हणजे दरकरार खरेदी विभागाने केले आणि वार्षिक साठा मोजणी भांडाराने वेळेत संपवली. पुढे खरोखरच सर्वांनी मिळून करायच्या कामापुरता ‘आपण’ वापरायचा आणि ज्याचा जाब मला द्यावा लागणार आहे तिथे सरळ ‘मी’ म्हणायचे. जुन्या विभागांची नावे पहिल्याच दिवशी पुसून टाकू नयेत, हेही मला त्यातूनच उमगले. “आजपासून खरेदी नाही आणि भांडारही नाही, आपण सारे एक” हे वाक्य टाळ्या मिळवते, परंतु ज्यांची संख्या कमी आहे त्यांना त्यात आपलेच नाव गेल्याचे ऐकू येते.

दोन विभागांना दोन प्रमुख असतात आणि विलीनीकरणानंतर एकच उरतो, त्यामुळे भाषण चालू असताना सभागृहातले निम्मे डोळे पद गेलेल्या माणसाकडे लागलेले असतात. भांडारप्रमुखांकडे आता माल स्वीकृती व तपासणीचे काम येणार होते आणि ते मला अहवाल देणार होते. त्यांच्याविषयी मी जे बोलणार होते ते वाक्य मी त्यांना आधी वाचून दाखवले : “माल स्वीकृती आणि तपासणीच्या कामात ते मला मदत करतील.” त्यांनी त्यातला एकच शब्द बदलून मागितला. ‘मदत करतील’ऐवजी ‘निर्णय घेतील’. मी रात्रभर विचार केला, कारण तो शब्द उच्चारला की तो मला पाळावा लागणार होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना होकार कळवला. आजही मला वाटते की त्या सात मिनिटांच्या भाषणातला सर्वांत मोलाचा बदल तोच होता.

आता ज्या मुद्द्यासाठी मी जवळजवळ निम्मे भाषण खर्च केले त्याकडे येते. खरेदी आणि भांडार हे विभाग वेगळे ठेवण्यामागे कारण असते : ज्याने माल मागवला त्यानेच तो ताब्यात घेऊ नये. समजा पाचशे बेअरिंगांचा खरेदी आदेश निघाला, गाडीतून चारशे ऐंशी उतरली आणि पुरवठादाराचे बिल मात्र पाचशेचे आले. भांडारातला माणूस मोजून जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीच्या कागदावर, चारशे ऐंशी लिहितो. लेखा विभाग आदेश, जीआरएन आणि बिल हे तिन्ही कागद शेजारी ठेवतो आणि पैसे चारशे ऐंशीचेच देतो. ही साखळी टिकते ती भांडाराचा माणूस खरेदीच्या माणसाचे ऐकायला बांधील नसतो म्हणून. दोघांचा वरिष्ठ एकच झाला, की “वीस नग उद्या येणारच आहेत, आज पाचशे लिहून टाक, पुरवठादार जुना आहे” असा फोन करणे फार सोपे होते. फोन करणाऱ्याच्या मनात काळेबेरे असेलच असे नाही, बहुतेक वेळा त्याला फक्त महिनाअखेर गाठायची असते.

भांडारातल्या लोकांच्या मनात हीच भीती होती, आणि स्वागताच्या भाषणात असल्या रुक्ष गोष्टी आणू नयेत असा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. मी तो मानला नाही. मी जे बोलले ते शब्दशः असे : “ज्याने आदेश काढला तो माल स्वीकारणार नाही, हा नियम एकत्र झाल्यावरही तसाच राहील. जीआरएनवर मोजलेला आकडाच लिहायचा. आकडा बदलण्याची सूचना तोंडी आली तर ती मानायची नाही, मग ती माझ्याकडून आलेली असली तरीही. तशी सूचना माझ्याकडूनच आली, तर ती लेखा विभागाच्या प्रमुखांना कळवायची. मी त्यांच्याशी तसे बोलून ठेवले आहे.” शेवटचे वाक्य खरे असावे म्हणून मी आदल्या दिवशी लेखा विभागात जाऊन आले होते. खरेदीच्या बाजूला थोडी चुळबुळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण तोवर सगळी तडजोड भांडारालाच करायची आहे असे त्यांनी गृहीत धरले होते.

काय टाळले, हेही सांगते. “कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही” हे वाक्य मी खोडले, कारण ते माझ्या हातात नव्हते. त्याऐवजी, विलीनीकरणाच्या आदेशात पदे कमी करण्याचा उल्लेख नाही आणि तो आदेश ज्याला वाचायचा आहे त्याच्यासाठी सूचनाफलकावर लावला आहे, एवढेच सांगितले. ‘एक कुटुंब’ हा शब्दही काढला. कुटुंबात बढतीची यादी नसते आणि इथे खरा जीव त्या यादीतच अडकला होता. दोन ज्येष्ठता याद्यांची एक यादी करताना कोणाचा क्रमांक खाली जाईल, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. त्याबद्दल मी म्हणाले की निर्णय मनुष्यबळ विभागाचा आहे, तो 15 तारखेपर्यंत अपेक्षित आहे, आणि झाला नाही तर झाला नाही हे सांगायला मी याच जागी उभी राहीन. तो झाला नाही. 15 तारखेला मी दोन मिनिटे उभी राहून तसे सांगितले. नुसते “लवकरच कळवू” म्हटले असते तर त्या दिवशी उठून काही सांगण्याची वेळच माझ्यावर आली नसती, आणि लोकांनी आपापल्या परीने उत्तर शोधून काढले असते.

ते कसे शोधतात याचा अनुभव मला पहिल्याच रात्री आला. भाषण सकाळी अकराला झाले. भांडार मात्र दोन पाळ्यांत चालते, आणि रात्रपाळीचे तिघे त्या वेळी घरी झोपलेले होते. त्यांना भाषण सांगोवांगी कळले. मी ‘पाळीच्या वेळापत्रकाचा आढावा घेऊ’ म्हणाले होते, ते त्यांच्यापर्यंत ‘रात्रपाळी बंद’ होऊन पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या नोंदवहीत एरवीसारखी शेऱ्यांची गर्दी नव्हती, फक्त आकडे होते. त्यावरून मला काहीतरी बिनसल्याचे कळले. त्या रात्री साडेनऊला जाऊन मी तिघांसमोर तेच भाषण पुन्हा केले, आणि आढावा घेण्याचे वाक्य गाळले, कारण त्यामागे माझ्या मनात काहीच ठरलेले नव्हते. ते केवळ भारदस्त वाटावे म्हणून घातले होते.

भाषणानंतर चहापान होते. खरेदीवाले खिडकीपाशी जमले आणि भांडारवाले दारापाशी. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात मुलांचे दोन गट करून प्रयोग केला होता. तिथे एकत्र जेवणे आणि एकत्र चित्रपट पाहणे यांनी वैर कमी झाले नाही, उलट पंगतीतच भांडणे झाली. शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सुरू करणे एकट्या गटाला जमण्यासारखे नव्हते, अशा काही प्रसंगांनंतर मात्र ते निवळू लागले. माझ्याकडे पाण्याची टाकी नव्हती, पण तिन्ही कागद जुळत नाहीत म्हणून महिनोन्‌महिने अडकलेली बिले होती. आदेश खरेदीच्या फायलीत आणि जीआरएन भांडाराच्या फायलीत असल्याने एकट्याला ती सोडवता येत नव्हती. म्हणून भाषणाच्या शेवटी आशीर्वचनाऐवजी मी एवढेच जाहीर केले की सोमवारी दहा वाजल्यापासून प्रत्येक टेबलावर खरेदीचा एक आणि भांडाराचा एक असे दोघे बसतील आणि ही बिले हातावेगळी करतील.

मग मी प्रश्न विचारायला सांगितले. बराच वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी मागच्या रांगेतून एक हात वर आला : “मॅडम, उद्या रजा हवी असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा?” इतकी तयारी करूनही हे मी ठरवलेलेच नव्हते. मी कागद उलटसुलट केला. तेवढ्यात भांडारप्रमुख जागेवरूनच म्हणाले, “आज माझ्याकडे द्या. उद्यापासून कोणाकडे ते आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत ठरवतो.”