तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ल शून्य आला, पुढे?

«सर, कर्ल शून्य आला म्हणजे रस्ता कुठलाही चालतो, हे ठरलं ना? मग पोटेन्शियल फंक्शन शोधत कशाला बसायचं?»

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला व्हेक्टर कॅल्क्युलस सुरू झालं की हे कोणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुधा वर्गातला चलाख मुलगा किंवा मुलगी असते. परीक्षेतल्या बहुतेक गणितांपुरतं उत्तर ‘हो’ असं आहे. पण मी उलट विचारतो: शून्य आला खरा, पण कुठे कुठे आला? एखादा बिंदू तपासायचा राहिला का?

आधी सरळ गणित घेऊ, कारण त्यातही मुलं एका जागी हमखास घसरतात. समजा, फील्डचे दोन घटक असे आहेत:

P = 2xy + 3, Q = x² + 2y

आपल्याला (0, 0) पासून (1, 2) पर्यंत ∫ P dx + Q dy काढायचं आहे. पॅराबोलावरून, म्हणजे y = 2x² वरून गेलो, तर x = t, y = 2t², dy = 4t dt. भरून बघा: P चे 4t³ + 3 होतात, Q चे 5t², आणि dy मुळे त्याचे 20t³. बेरीज 24t³ + 3, तिचं 0 ते 1 इंटिग्रेशन 6 + 3 = 9. आता सरळ रेषेवरून, y = 2x घेऊन जा. 6t² + 8t + 3 मिळतं, उत्तर 2 + 4 + 3, पुन्हा 9.

दोन रस्त्यांनी एकच उत्तर आलं म्हणून सगळ्या रस्त्यांनी तेच येईल असं नाही. म्हणून कर्लची चाचणी घ्यायची: Qₓ − Pᵧ, म्हणजे Q चं x डेरिव्हेटिव्ह वजा P चं y डेरिव्हेटिव्ह, शून्य येतं का ते बघायचं. P चं y च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह 2x, Q चं x च्या संदर्भात तेही 2x. दोन्ही सारखे आणि सगळ्या प्रतलावर सारखे. कुठे भागाकार नाही, कुठे काही बिघडत नाही. म्हणजे इथे φ असं फंक्शन नक्की आहे की φₓ = P आणि φᵧ = Q. हेच पोटेन्शियल फंक्शन.

ते काढायचं कसं? P चं x च्या संदर्भात इंटिग्रेशन करा, y ला स्थिर धरून: x²y + 3x. आता इथे ‘अधिक c’ लिहून पुढे पळायचं नसतं. x च्या नजरेतून y स्थिर होता, त्यामुळे तो स्थिरांक म्हणजे y चं कुठलंही फंक्शन असू शकतं. म्हणून φ = x²y + 3x + g(y). याचं y च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह x² + g′(y), ते Q एवढं, म्हणजे x² + 2y एवढं हवं. मग g′(y) = 2y, g = y². φ = x²y + 3x + y². (1, 2) ला किंमत 2 + 3 + 4 = 9, (0, 0) ला शून्य. वजाबाकी 9, तेच आपलं उत्तर. झालं.

बरीच मुलं P आणि Q या दोघांचं वेगवेगळं इंटिग्रेशन करून बेरीज मारतात. मग x²y दोनदा येतं आणि उत्तर 11 होतं. ओळखायची खूण सोपी आहे: मिळालेल्या φ चं पुन्हा डेरिव्हेटिव्ह घ्या. बेरीजवाल्या फंक्शनचं x डेरिव्हेटिव्ह 4xy + 3 येतं, P तर 2xy + 3 आहे. अर्ध्या मिनिटाची पडताळणी, पण ती करणारा विरळा.

पहिल्या वर्षी M dx + N dy = 0 या एक्झॅक्ट डिफरन्शियल इक्वेशनला पाठ केलेला नियम आठवत असेलच: ‘M चं इंटिग्रेशन y स्थिर धरून, अधिक N मधल्या x नसलेल्या पदांचं इंटिग्रेशन.’ तो नियम म्हणजे वरचीच g(y) ची पायरी, फक्त कारण गाळून. वापरा, माझी हरकत नाही. पण N जर (x + y + 1)/(x + y) असा लिहिलेला असेल, तर त्यात x नसलेलं पद दिसतच नाही. 1 + 1/(x + y) अशी फोड केल्यावरच तो 1 बाहेर येतो. g(y) च्या पद्धतीत असा लपंडाव नसतो.

आता ज्या गणितासाठी हा सगळा प्रपंच, ते घ्या:

P = −y/(x² + y²), Q = x/(x² + y²)

चाचणी करा. P चं y डेरिव्हेटिव्ह (y² − x²)/(x² + y²)², आणि Q चं x डेरिव्हेटिव्हही अगदी तेच. कर्ल शून्य. चलाख मुलगा इथे पेन खाली ठेवतो. त्याला ओरिजिनभोवतीच्या एक युनिट त्रिज्येच्या वर्तुळावरून एक पूर्ण फेरी मारायला सांगितली, तर तो उत्तर शून्य लिहील: निघालो तिथेच परत आलो, φ ची किंमत तीच, वजाबाकी शून्य.

करून बघा. x = cos t, y = sin t. P dx म्हणजे (−sin t)(−sin t) dt, Q dy म्हणजे cos t · cos t dt. बेरीज sin² t + cos² t, म्हणजे 1. 0 पासून 2π पर्यंत 1 चं इंटिग्रेशन 2π. शून्य नाही. (1, 0) पासून (−1, 0) ला वरच्या अर्धवर्तुळाने गेलात तर π, खालच्याने गेलात तर −π. तोच आरंभ, तोच शेवट, दोन उत्तरं.

चाचणी खोटी नाही. ती काय मोजते ते बघितलं पाहिजे. Qₓ − Pᵧ ही संख्या एका बिंदूपाशी अगदी चिमुकल्या चौकोनाभोवती फेरी मारली तर दर क्षेत्रफळामागे किती जमा होतं, ते सांगते. मोठ्या वक्राच्या आतली जागा अशा चौकोनांनी भरा, घरात फरशी बसवतात तशी. शेजारच्या दोन फरश्यांची सामाईक कड एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने चालली जाते, म्हणून ती कटते. उरते फक्त बाहेरची हद्द. प्रत्येक फरशीचा हिशेब शून्य, तर हद्दीचाही शून्य. ग्रीनचं प्रमेय एवढंच आहे. पण आपल्या फील्डमध्ये (0, 0) ला भाजक शून्य होतो, तिथे फील्डच नाही. तिथली फरशी बसलेलीच नाही, आणि सगळा 2π त्याच भोकात आहे. तुम्ही उरलेल्या सगळ्या फरश्या तपासून ‘शून्य’ म्हणालात.

पुस्तकात ‘सिंप्ली कनेक्टेड’ असा शब्दप्रयोग असतो आणि मुलं तो वगळून पुढचं वाक्य पाठ करतात. त्याचा अर्थ: त्या प्रदेशातला कुठलाही बंद वक्र, प्रदेशाबाहेर न जाता, आकसत आकसत एका बिंदूपर्यंत नेता यावा. ओरिजिन वगळलेल्या प्रतलात ओरिजिनभोवतीचा वक्र असा आकसत नाही, भोकापाशी अडतो.

आणि पोटेन्शियल शोधायला बसलं की नेमकं हेच उघडं पडतं. वरच्या P चं x च्या संदर्भात इंटिग्रेशन करा: φ = −arctan(x/y). y डेरिव्हेटिव्ह घेतलं तर बरोबर Q येतो, g शून्य. उत्तर मिळालं म्हणून आनंद होतो, पण खाली y बसला आहे. x-अक्षावर φ ला किंमतच नाही. वरच्या बाजूने ऋण x-अक्षाजवळ या, φ जातो π/2 कडे. अक्ष ओलांडून खाली उतरा, तो एकदम −π/2 झालेला असतो. फील्डमध्ये तिथे काहीच उडी नाही, उडी फक्त तुमच्या सूत्रात आहे. सूत्र बदलून उडी दुसऱ्या रेषेवर ढकलता येते. arctan(y/x) घ्या, मग ती y-अक्षावर जाईल. ओरिजिनभोवती फिरताना ती अजिबात घालवता येत नाही, कारण हे फंक्शन म्हणजे दुसरं काही नसून बिंदूचा कोन आहे, आणि एक फेरी मारली की कोन 2π ने वाढतोच.

तेच फील्ड फक्त x > 0 या अर्ध्या प्रतलात घ्या. तिथे arctan(y/x) निर्दोष पोटेन्शियल आहे आणि रस्ता कुठलाही चालतो. म्हणजे ‘हे फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह आहे का’, रस्ता कुठलाही चालतो का, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या प्रदेशात, हे त्यासोबत यायलाच हवं.

हे कागदावरचं नाटक वाटत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडचा क्लॅम्प मीटर आठवा. 1820 साली अर्स्टेडने दाखवलं की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. लांब सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र, स्थिरांक सोडला तर, आपलं वरचंच फील्ड आहे: तारेच्या बाहेर सगळीकडे कर्ल शून्य, आणि तारेभोवती एक फेरी मारली की ॲम्पिअरच्या नियमाने μ₀I. म्हणून तार मीटरच्या जबड्यात मधोमध असो की कडेला टेकलेली, रीडिंगमध्ये म्हणण्यासारखा फरक पडत नाही. वक्राचा आकार नव्हे, आत काय सापडलं ते महत्त्वाचं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम जबड्यात घातल्या तर रीडिंग शून्य येतं, कारण एक प्रवाह जातो, दुसरा तेवढाच परत येतो. आणि करंट फार थोडा असेल तर जाणता वायरमन तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळून घेतो आणि आकड्याला दहाने भागतो. फेऱ्या मोजणं हेच गणित, फक्त इथे वक्राऐवजी तार फिरते.

मग भोक दिसलं की सोडूनच द्यायचं का? तसंही नाही. P = x/(x² + y²), Q = y/(x² + y²) बघा. भाजक तोच, भोक तेच, कर्ल इथेही शून्य. पण वर्तुळावरून फेरी मारली की cos t · (−sin t) + sin t · cos t होतं, म्हणजे शून्य. पोटेन्शियलही आहे: ½ ln(x² + y²), ओरिजिन सोडून सगळीकडे बिनउडीचं. कर्ल शून्य असेल, तर प्रत्येक भोकाभोवती एकेक सोयीची फेरी मारून बघायची. त्या साऱ्या शून्य आल्या की कुठल्याही बंद वक्राचं उत्तर शून्यच येतं, कारण इतर कुठल्याही वक्राचं उत्तर म्हणजे याच फेऱ्यांच्या पटी आणि त्यांची बेरीज. एखादी शून्य आली नाही, तर त्या भोकाभोवती रस्ता महत्त्वाचा.

तीन मितींत गेलात की ‘भोक’ म्हणजे काय तेही बदलतं. अवकाशातून एकच बिंदू काढला तर काही बिघडत नाही, त्याच्याभोवतीचा फास वर उचलून बाजूने सोडवता येतो. म्हणून एकाच विद्युतभाराच्या क्षेत्राला, भार जिथे ठेवला आहे तो बिंदू वगळूनही, 1/r प्रकारचं पोटेन्शियल बिनतक्रार मिळतं. अख्खा z-अक्ष काढला, तर मात्र फास अडकतो. पेपरात भाजकात x² + y² + z² दिसलं की कर्लवर भरवसा ठेवा. नुसतं x² + y² दिसलं, तर एक फेरी मारून या आणि मगच पोटेन्शियल लिहायला घ्या.